अकरा सर्टिफिकेटं आणि एक रुपया

इचलकरंजीच्या आमच्या मोहल्ल्यातून मला वर्षाकाठी वीस-पंचवीस बायोडाटा येतात. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि नवीन माणसं घेताना कंपनी माझंही मत विचारते, एवढी बातमी गावाला पुरते. कुणाचा भाचा, कुणाचा मेहुणा, कुणाच्या शेजाऱ्याचा जावई. सोबत निरोप ठरलेला असतो, "पोरानं लई कोर्स केलेत, बघा कुठं चिकटतंय का."

या "लई कोर्स"शीच मला आज भांडायचं आहे. हे भांडण पोरांशी कमी आणि त्यांना या रस्त्याला लावणाऱ्यांशी जास्त आहे. त्यात क्लासवाले आहेत, करिअर मेळाव्यात पुष्पगुच्छ घेऊन भाषण ठोकणारे आहेत आणि "अजून एखादा कोर्स करून टाक, वाया जात नाही" म्हणणारे घरातले वडीलधारेही आहेत. वाया जातो. पैसा जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे पोराकडे जे सांगण्यासारखं असतं ते त्या यादीखाली गाडलं जातं.

दोन वर्षांपूर्वी असाच एक बायोडाटा आला. त्या पोराचं नाव मी लिहीत नाही, त्याला दिवाणजी म्हणू, कारण तो होताच दिवाणजी. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, यंत्रमागाच्या कारखान्यात कामगारांच्या मीटरची नोंद, पगार, उचल, सूत किती आलं, कापड किती गेलं हे सगळं लिहिणारा माणूस म्हणजे दिवाणजी. हा बी.कॉम. झालेला, वय २९, सहा वर्षं एकाच कारखान्यात. रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि नंतर हप्त्यावर घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर पायथन शिकलेला.

बायोडाटा दोन पानी होता. पहिल्या पानावर ११ कोर्स. पायथनचे तीन, त्यातले दोन जवळजवळ एकच. डेटा सायन्स, मशीन लर्निंग, क्लाउड, एथिकल हॅकिंग, डिजिटल मार्केटिंगसुद्धा. दुसऱ्या पानावर "प्रोजेक्ट" म्हणून हवामान दाखवणारं अ‍ॅप, कामांची यादी ठेवणारं अ‍ॅप आणि एका सिनेमावाल्या साइटची नक्कल. सहा वर्षांच्या नोकरीबद्दल शेवटी एक ओळ, "अकाउंट्स असिस्टंट, टेक्स्टाइल फर्म". दिवाणजी हा शब्द कुठेच नव्हता.

मी त्याला फोन केला आणि पहिलाच प्रश्न कोर्सचा सोडून दुसराच विचारला. "कारखान्यात उचल कशी कापता रे?"

तो आधी गप्प झाला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग सुरू झाला आणि चाळीस मिनिटं थांबला नाही. कुणाची उचल दर आठवड्याला ठरलेली रक्कम कापायची, कुणाची जमेल तशी, ईदच्या आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कुणाचीच कापायची नाही असा शेठचा तोंडी नियम, कामगार मध्येच सोडून गेला तर काय, परत आला तर जुनी बाकी कशी उघडायची. ताका माग सोडून उतरला शनिवारी संध्याकाळी आणि मोजला गेला सोमवारी, तर तो कुठल्या आठवड्यात धरायचा, यावरून झालेली भांडणंसुद्धा त्याने सांगितली.

मी म्हटलं, "हे बायोडाटात कुठंय?"

"भाई, ते काय सांगायचं? ते तर वहीचं काम."

पोरं आपल्या कामाची लाज बाळगतात आणि ती लाज झाकायला कोर्स विकत घेतात. हे मी वरून बोलत नाही. २००९ साली मी स्वतः प्लॅस्टिकच्या फायलीत लॅमिनेशन केलेली सर्टिफिकेटं घेऊन एका कंपनीच्या दारात बसलो होतो. त्याआधी चार वर्षं मी झेरॉक्सच्या दुकानात होतो, ते मी लपवलं होतं. समोरच्या माणसाने फाईल उघडलीही नाही. "यातलं शिकून काय बनवलंत?" एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा मला तो माणूस उद्धट वाटला होता. आता त्याच्या खुर्चीत बसल्यावर कळतं की त्याचा प्रश्न बरोबर होता. उद्धट तो होताच, ते वेगळं.

सर्टिफिकेट वाचणाऱ्याला नेमकं काय सांगतं? व्हिडिओ शेवटपर्यंत चालवला, प्रश्नांना चार पर्यायांतून उत्तरं दिली, बहुतेक ठिकाणी चुकल्यावर पुन्हा द्यायची मुभा होती. एक असेल तर चालतं, माणूस एवढं शिकला असेल असं धरता येतं. अकरा असतील तर वाचणारा उलटा विचार करतो: हा सुरू करतो आणि पुढच्याकडे पळतो. हवामानाच्या अ‍ॅपचंही तसंच. ते शिकवणीच्या व्हिडिओत जसंच्या तसं असतं. महिन्याला तशी दहा बघणाऱ्याला ते एका नजरेत ओळखू येतं, आणि "हे बटण इथे का ठेवलंस" असं विचारलं की "व्हिडिओत तसं होतं" याखेरीज उत्तर नसतं.

दिवाणजीला मी एकच काम सांगितलं. नवीन कोर्स बंद. शनिवारचा पगार कॉम्प्युटरवर काढून दाखव. तुझ्याच कारखान्याचा, ३२ कामगारांचा. आणि जोवर तू घरी असताना दुसरा कुणीतरी तो काढू शकत नाही, तोवर ते पूर्ण झालं असं म्हणायचं नाही.

चार महिने लिहायला लागले. हा भाग मी पटकन ओलांडतो, कारण यात विशेष काही नाही: पायथन, एसक्यूलाइट नावाचा एका फाइलीत मावणारा डेटाबेस, चार पडदे. खरा प्रोजेक्ट त्यानंतर सुरू झाला. पुढचे १३ आठवडे त्याने वही आणि कॉम्प्युटर शेजारी शेजारी चालवले. पगार वहीप्रमाणे वाटायचा, कॉम्प्युटरचा आकडा फक्त ताळ्याला.

पहिल्या शनिवारी एकूण १९ रुपयांचा फरक आला. पोरगा म्हणाला, "भाई, चाललं की. लाखाच्या वर पगार, त्यात १९ रुपये."

मी म्हटलं, का आला ते सांग, मग चाललं की नाही ते ठरवू.

शोधायला त्याला आठ दिवस लागले. कारण गमतीशीर निघालं. समजायला सोपं जावं म्हणून मीटरला १ रुपया १५ पैसे असा दर धरू. एका कामगाराचे तीन ताके: ११८, ९८ आणि ७८ मीटर. मजुरी होते १३५.७०, ११२.७० आणि ८९.७० रुपये. दिवाणजी वहीत प्रत्येक ताक्याची मजुरी पूर्ण रुपयात लिहायचा: १३६, ११३, ९०. बेरीज ३३९. कॉम्प्युटर मात्र आधी सगळं जोडून ३३८.१० करायचा आणि मग पूर्ण रुपयात आणायचा: ३३८. एका कामगाराच्या नावावर आठवड्याला असे तीस-चाळीस ताके. कुणाला रुपया-दोन रुपये जास्त, कुणाला कमी, आणि सगळं मिळून १९.

यात गणिताने कोण बरोबर हा प्रश्नच नाही. कारखान्यात रिवाज ताक्यागणिक पूर्ण रुपयाचा आहे, कामगार आपल्या डायरीत तसंच लिहून ठेवतो आणि शनिवारी तोच आकडा मिळाला पाहिजे असं धरून येतो. कॉम्प्युटरने रिवाज बदलायचा असेल तर ते शेठने आणि कामगारांनी ठरवायचं, प्रोग्राम लिहिणाऱ्याने गुपचूप नाही. त्याने प्रोग्राम रिवाजाप्रमाणे केला.

पुढच्या शनिवारी फरक २ रुपयांवर आला. दोन कामगार, प्रत्येकी एक रुपया, दोघांनाही कॉम्प्युटरवर कमी. यावेळी त्याने मला न विचारता शोधलं. त्या दोघांच्याही नावावर एक-एक ११० मीटरचा ताका होता. ११० गुणिले १.१५ म्हणजे १२६.५०, बरोबर अर्धा रुपया. वहीत आपण सगळे अर्धा रुपया वर नेतो, १२७. पायथनचं `round` तसं करत नाही. बरोबर अर्ध्यावर आलं की ते जवळच्या सम संख्येकडे जातं, म्हणजे १२६. ही चूक नव्हे, मुद्दाम ठेवलेला नियम आहे, मोठ्या बेरजांमध्ये एकाच बाजूला झुकाव येऊ नये म्हणून. पण कामगाराला त्याचं काय. त्याने पैसे पूर्णांकात धरले आणि स्वतःचा नियम लिहिला:

```python
paise = 110 * 115
print(round(paise / 100))     # 126
print((paise + 50) // 100)    # 127
```

एवढ्या तीन ओळी. पण मी सांगतो, त्या अकरा सर्टिफिकेटांपैकी एकातही हे कळल्याची खूण नव्हती. व्हिडिओत आकडे नेहमी सरळ येतात. व्हिडिओत शनिवारी खिडकीशी उभा राहून "माझा एक रुपया कुठं गेला" असं विचारणारा माणूस नसतो.

पाचव्या आठवड्यात उलटं झालं. फरक मोठा, ५०० रुपये, आणि चूक वहीची निघाली. एका कामगाराची उचल वहीत दोनदा कापली गेली होती, एकदा दिवाणजीने आणि एकदा तो सुट्टीवर असताना शेठच्या मुलाने. कामगाराच्याही लक्षात आलं नव्हतं. त्याला पैसे परत मिळाले. त्या दिवसापासून शेठ प्रोग्रामकडे खेळणं म्हणून बघायचे थांबले. त्यातून पोरगा आणखी एक गोष्ट शिकला: एकदा पगार वाटलेला आठवडा उघडून आकडा बदलायचा नाही. चूक सापडली तर पुढच्या आठवड्यात वेगळी नोंद करायची, कारण लिहून. वहीत खाडाखोड करू नये हे तो सहा वर्षं पाळत होता, पण प्रोग्राममध्ये त्याने आधी सरळ आकडा बदलायची सोय ठेवली होती. वहीची शिस्त कॉम्प्युटरला लागू होते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटचे सहा आठवडे फरक शून्य. मग वही बंद झाली. दिवाणजी एका शनिवारी मुद्दाम मिरजेला मावशीकडे गेला आणि पगार शेठच्या मुलाने काढला. दोनदा फोन आला. दोन्ही वेळी कारण एकच, पडद्यावरच्या एका बटणाचं नाव त्यालाच कळेल असं होतं. ते बदललं. पुढच्या वेळी फोन आला नाही.

याला मी पूर्ण म्हणतो. त्यात पी.एफ. नव्हता, ई.एस.आय. नव्हतं, दोन कॉम्प्युटरवरून एकाच वेळी नोंद करता येत नव्हती, दिसायला तर साधंच होतं. पूर्ण म्हणजे सगळं करणारं नव्हे. एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दुसऱ्याच्या हातात, आणि कुठे थांबतं ते लिहून ठेवलेलं.

आता मांडणीकडे येतो, कारण इथेही तो घसरला होता आणि ती घसरण साधी नव्हती. काम दाखवायला म्हणून त्याने सगळा कोड गिटहबवर सगळ्यांसाठी खुला ठेवला आणि मला दुवा पाठवला. मी उघडून बघतो तर कोडसोबत खरा डेटाबेसही. ३२ माणसांची नावं, पगार, आणि उचलीची कारणं. मुलीचं लग्न, बायकोचं ऑपरेशन, दारूत गेले. जगातल्या कुणालाही वाचता येईल असं.

मी त्याच क्षणी फोन करून ते बंद करायला लावलं. त्याने फाईल पुसली, पुन्हा चढवली आणि "झालं भाई" म्हणाला. झालं नव्हतं. गिट हे खतावणीसारखं आहे, आधीची प्रत्येक अवस्था ते जपून ठेवतं. आजची फाईल पुसली तरी मागच्या नोंदीत ती जशीच्या तशी असते आणि कुणीही मागे जाऊन काढू शकतो. इतिहासातूनच ती काढावी लागते. त्याने एका नव्या प्रतीवर हे चालवलं:

```
git filter-repo --path wages.db --invert-paths
```

मग जुना खुला साठा गिटहबवरून पूर्ण पुसून, साफ केलेला इतिहास नव्या जागी चढवला. बाकीचा इतिहास शाबूत राहिला हे महत्त्वाचं होतं. चार महिन्यांच्या त्या नोंदींतच दिसतं की माणसाने हे स्वतः, चुकत चुकत केलंय. एका रात्रीत चढवलेल्या पन्नास फायली बघितल्या की शंका येते, ती इथे येत नाही. दाखवण्यासाठी त्याने बारा खोट्या कामगारांचा डेटा बनवला. शेठची परवानगी घेतली. शेठ म्हणाले कारखान्याचं नाव नको, पण कुणी विचारलं तर फोनवर सांगेन. ठीक आहे, तेवढं पुरतं.

बायोडाटा एका पानावर आला. वर नाव आणि फोन. त्याखाली निम्म्या पानावर प्रोजेक्ट. इंग्रजीत होता, मराठीत सांगायचं तर साधारण असा: "यंत्रमाग कारखान्याचा आठवड्याचा पगार. पायथन, एसक्यूलाइट. ३२ कामगार. १३ आठवडे कागदी वहीशेजारी चालवून ताळा घेतला, शेवटच्या ६ आठवड्यांत फरक शून्य. २ महिन्यांपासून पगार फक्त यावरच निघतो, मी नसतानाही. पूर्वी ५ तास लागत, आता दीड. पी.एफ. आणि ई.एस.आय. यात नाही, एका वेळी एकाच कॉम्प्युटरवरून नोंद होते." खाली दोन ओळींत ते एक रुपयाचं प्रकरण आणि दुवा. त्याखाली नोकरी, आता खऱ्या नावाने: दिवाणजी, यंत्रमाग कारखाना, सहा वर्षं, काय काय केलं. सगळ्यात शेवटी शिक्षण आणि कोर्स, एक ओळ, अकरापैकी दोन. पायथन आणि डेटाबेस हे शब्द प्रोजेक्टच्या ओळींतच आले, त्यामुळे नोकरीच्या साइटवर शब्द शोधणाऱ्यालाही सापडले. वेगळी "कौशल्यं" म्हणून रंगीत पट्ट्या काढायची गरज उरली नाही. पायथन ८० टक्के, म्हणजे कशाच्या ८० टक्के?

गिटहबवर `README.md` लिहितानाही भांडण झालं. त्याने सुरुवात कुठली कुठली तंत्रं वापरली याने केली होती. मी ते खाली ढकललं. आधी दोन वाक्यांत कारखान्यात काय अडत होतं, मग एक चित्र, मग तीन आज्ञांत आपल्या कॉम्प्युटरवर कसं चालवायचं, मग हे काय करत नाही. ती तीन आज्ञांची पायरी त्याने मित्राच्या कोऱ्या लॅपटॉपवर करून बघितली आणि ती फसली. एक लायब्ररी यादीत लिहायची राहिली होती. त्याच्या लॅपटॉपवर ती आधीपासून होती म्हणून त्याला कधी कळलं नाही. अशा वेळी नोकरी देणारा माणूस फोन करून विचारत नाही, खिडकी बंद करतो.

इथे मला ठाऊक आहे की काही वाचकांच्या मनात दुसराच प्रश्न उभा असेल. "तुम्ही प्रोजेक्टचं सांगताय, पण आमचं नाव वाचूनच कागद बाजूला पडतो. म्हणून तर जास्त सर्टिफिकेटं लागतात." हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून बघितलं होतं. २००७ साली ते 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आलं. दलित आणि मुस्लिम नावांना सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी प्रतिसाद मिळाला. हे आपण अनुभवाने जाणतोच, पण आकड्यांत आलेलं बरं.

मात्र दुसराही एक अभ्यास आहे आणि आपल्यात त्याची चर्चा होत नाही. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या ३७१ जागांसाठी ३१६० बनावट बायोडाटा पाठवले, सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटर अशा दोन क्षेत्रांत. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत ओबीसी नावांना सवर्णांपेक्षा स्पष्टपणे कमी फोन आले, सॉफ्टवेअरमध्ये जातीनुसार तसा फरक सापडला नाही. मुस्लिम नावांबाबतही भेदभाव आढळला नाही. हा एका शहराचा, जुना आणि फक्त फोन येतो की नाही एवढंच मोजणारा अभ्यास आहे. घर भाड्याने मिळतं का, बढती मिळते का, हे तो सांगत नाही. त्यावरून "सगळं छान आहे" असं मी म्हणणार नाही, म्हणणाऱ्याला म्हणू देणारही नाही. पण माझी समजूत अशी झाली आहे की जिथे काम कागदावर तपासता येतं तिथे नावाकडे बघायला जागा कमी उरते, आणि जिथे माणूस "कसा वाटतो" यावर ठरतं तिथे ती जागा मोठी असते.

आता सांगा, सर्टिफिकेटांची यादी यातल्या कुठल्या बाजूला बसते? तिच्यात तपासण्यासारखं काही नसतं. ज्याला टाळायचंय त्याला ती कारणही न देता टाळता येते, "अनुभव नाही" म्हटलं की झालं. १३ आठवड्यांचा ताळा समोर असला तर टाळणारा टाळेलच, पण ज्याच्या मनात तसं काही नाही, नुसता कंटाळा आहे, तो थांबतो. माझ्या अनुभवात दुसऱ्या जातीचे लोक जास्त आहेत.

मर्यादा सांगायलाच हव्यात. मोठ्या कंपन्या कॉलेजांतून शेकड्यांनी पोरं घेतात तिथे प्रोजेक्ट कुणी वाचत नाही. तिथे पदवीचं वर्ष, टक्के आणि लेखी परीक्षा. त्या दारावर दिवाणजीने डोकं आपटून उपयोग नव्हता आणि तिथे अर्ज करू नको असं मीच सांगितलं. हा रस्ता लहान कंपन्यांचा आहे, जिथे अर्ज वाचणारा माणूस आणि शेजारी बसून काम करणारा माणूस एकच असतो. पगार सुरुवातीला कमी असतो, हेही खरं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर पहिल्या महिन्यात टोमणे सुरू होतात.

आणि "आम्ही कुठं दिवाणजी होतो" हा बहाणाही नको. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या पोराला ठाऊक असतं की गिऱ्हाइकाची पावती हरवली की कुठला फोन कुणाचा यावर किती वेळ जातो. बेकरीतल्या पोराला ठाऊक असतं उधारीवर गेलेल्या पावाचे ट्रे परत येत नाहीत ते. जे काम तुम्ही हाताने केलंय त्यातली अडचण तुम्हाला ठाऊक असते आणि ती कोर्स विकणाऱ्याला ठाऊक नसते.

दिवाणजीने जुना बायोडाटा चाळीसेक ठिकाणी पाठवला होता, एकही फोन आला नव्हता. नवा त्याने १८ ठिकाणी पाठवला, निवडून, प्रत्येक ठिकाणी दोन ओळींचं पत्र लिहून. चार फोन आले. एकाने पगार एवढा कमी सांगितला की कारखानाच बरा. एकाने वय विचारून ठेवून दिला. तिसऱ्या ठिकाणी, कोल्हापुरात, कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहान कंपनीत, मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ते एक रुपयाचं वाक्य वाचलं आणि विचारलं, "`round` का नाही वापरलंत?" त्याने कारण सांगितलं. मग त्यांनी विचारलं, दर मध्येच बदलला तर जुन्या आठवड्यांचं काय? हे त्याने केलेलं नव्हतं. त्याने तसं सांगितलं, आणि कसं करता येईल ते समोरच्या कागदावर आखून दाखवलं. एक तास गेला. कोर्सबद्दल एकही प्रश्न आला नाही.

तिथे तो लागला. पगार दिवाणजीच्या पगारापेक्षा जेमतेम जास्त. पहिले आठ महिने त्याला बहुतेक गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला आणि चुका शोधायला बसवलं, आता तो कोड लिहितो.

कारखान्यात त्याच्या जागी नवा दिवाणजी आलाय. मागच्या महिन्यात त्याचा आमच्या पोराला फोन आला. शेठने दर वाढवला होता, बुधवारपासून, म्हणजे आठवड्याच्या मधोमध. प्रोग्राम सगळ्या आठवड्याला नवा दर लावत होता. पोरगा रविवारी इचलकरंजीला गेला, दराला "कधीपासून" असा रकाना जोडला, जुने चार आठवडे पुन्हा काढून वहीशी ताडून बघितले, आणि `README.md`मध्ये एक ओळ वाढवली.